क्रिएटिनिन नॉर्मल आलं तरी लघवीचा एसीआर का करायचा? जुनी शुगर असलेल्यांसाठी

मी निपाणीच्या बाजूला लॅबमध्ये काम करतो. आमच्याकडं चिकोडी, संकेश्वर, हुक्केरीकडनं दहा-पंधरा वर्षांची जुनी शुगर असलेली माणसं येतात, फाईल हातात असते, फाईलमध्ये तीन महिन्यांची एचबीएवनसी असते, क्रिएटिनिन असतं, लघवीची साधी तपासणीपण असते, आणि त्यावरनं घरचे म्हणतात "किडनी एकदम चांगली आहे की ओ, क्रिएटिनिन एक पॉईंट एक आलंय." पण त्या फाईलमध्ये लघवीचा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर, बऱ्याचदा नसतोच. शुगरनं किडनीवर जो पहिला परिणाम होतो तो क्रिएटिनिनमध्ये दिसत नाही, ह्या रेशोत दिसतो, म्हणून ज्यांनी ही टेस्ट कधी केलीच नाही त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासनं सांगतो.

आधी किडनीत काय होतं ते बघूया. एकेका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात, रक्त त्यातनं जातं, पाणी आणि घाण खाली उतरते आणि अल्ब्युमिनसारखं मोठं प्रोटीन वर रक्तातच राहतं. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की सुरुवातीला ह्या गाळण्यांवर प्रेशर वाढतं आणि त्या गरजेपेक्षा जास्त काम करायला लागतात, त्या काळात क्रिएटिनिन उलट छान दिसतं. पुढं गाळणीचा पडदा जाड होतो, आतल्या केशवाहिन्यांच्या मधली जागा भरत जाते, आणि पडद्याला बाहेरनं धरून बसलेल्या पेशी गळायला लागतात. मग अल्ब्युमिन थोडं थोडं लघवीत निसटतं. ह्या टप्प्याला माणसाला काहीच कळत नाही. पाय सुजत नाहीत, कंबर दुखत नाही, लघवी कमी होत नाही, फेससुद्धा बहुतेक दिसत नाही, कारण ठळक फेस यायला त्यापेक्षा बरंच जास्त प्रोटीन जावं लागतं. क्रिएटिनिन वर सरकायला लागतं तेव्हा किडनीची बरीचशी ताकद आधीच गेलेली असते.

साध्या लघवी तपासणीत "प्रोटीन निल" लिहून येतं त्याचं काय, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. ती पट्टी बुडवून केलेली तपासणी असते, आणि पट्टीला एक लिटर लघवीत साधारण १५० ते ३०० मिलिग्रॅम प्रोटीन असल्याशिवाय रंग बदलायला जमत नाही. सुरुवातीची गळती त्याच्या खाली असते. त्यात माणूस भरपूर पाणी पिऊन आला असेल तर लघवी पातळ झालेली असते, मग पट्टीला आणखीनच कमी दिसतं. म्हणून "निल" वाचून निवांत बसू नका.

आता टेस्ट कशी मागायची. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "युरीन एसीआर" किंवा "यूएसीआर" असं असायला पाहिजे. नुसतं "मायक्रोअल्ब्युमिन" लिहिलेलं असेल तर काउंटरवर विचारून घ्या की रेशो येणार आहे का फक्त अल्ब्युमिन, कारण नुसता अल्ब्युमिनचा आकडा पाणी किती प्यालं त्यावर वरखाली होतो. क्रिएटिनिन हे स्नायूंतनं रोज जवळपास ठराविक प्रमाणात लघवीत येत असतं, लघवी पातळ झाली तर दोन्ही सारखंच पातळ होतं, म्हणून एकाला दुसऱ्यानं भागलं की पाण्याचा हिशोब निघून जातो. ह्यामुळंच चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची कटकट आता बहुतेकांना करावी लागत नाही. टाईप दोनची शुगर असेल तर ज्या दिवशी शुगर निघाली तेव्हापासनंच वर्षातनं एकदा ही टेस्ट करायची असते, कारण शुगर नक्की कधीपासनं होती ते कुणालाच माहीत नसतं. टाईप एकवाल्यांनी पाच वर्षांनंतर सुरू करायची.

सॅम्पल देण्यात सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सगळ्यात चांगली, सुरुवातीची थोडी सोडून द्यायची आणि मधली धार लॅबनं दिलेल्या स्वच्छ डबीत घ्यायची. घरातली औषधाची बाटली धुवून आणू नका. उपाशी राहायची गरज नाही, पण त्याच दिवशी फास्टिंग शुगर द्यायची असेल तर दोन्ही एकाच फेरीत होतं. गावाकडनं पहिल्या एसटीनं येणार असाल तर डबी पिशवीत घालून आणा, दोनेक तासांत पोचली तर ठीक, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये मात्र नको, गोठवल्यावर अल्ब्युमिन कमी मोजलं जाऊ शकतं. सकाळचं जमलंच नाही तर दिवसा कधीपण दिलेलं चालतं, फक्त जास्त आलं तर सकाळच्या सॅम्पलवर परत बघायचं. आणि बीपीची गोळी टेस्टसाठी बंद करायची नाही, नेहमीसारखी घ्यायची.

कधी देऊ नये तेपण लक्षात ठेवा. आदल्या दिवशी ऊसतोड, भांगलण, डोक्यावर ओझी, किंवा लांब पायी वारी अशी दमछाक झाली असेल तर चोवीस तास थांबा. ताप आहे, लघवीला जळजळतंय, बायकांची पाळी चालू आहे, शुगर अचानक चारशेच्या वर गेलीय, बीपी खूप चढलंय, ह्या सगळ्यात आकडा खोटाच वाढून येतो. लघवीत इन्फेक्शन असेल तर आधी ते बरं करायचं, मग एसीआर.

आता एक केस घेऊन आकडे सोडवून दाखवतो, नाव नको, आपण त्यांना अण्णा म्हणू. वय ५८, शेतकरी, ऊस आणि थोडी तंबाखू, शुगर १४ वर्षांची, बीपी १४८/८८. एचबीएवनसी ८.२. क्रिएटिनिन १.१, साध्या लघवीत प्रोटीन निल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यावर शुगरचे सुरुवातीचे ठिपके आहेत असं लिहून दिलेलं, त्यामुळं फिजिशियननी एसीआर करायला पाठवलं. अण्णा म्हणाले, "मला तर काहीच होत नाही, मग कशाला?" त्यांचा मुलगाच घेऊन आला होता म्हणून झालं.

पहिलं सॅम्पल त्यांनी दुपारी दिलं आणि आदल्या दिवशी दिवसभर रानात ऊस भरलेला. अल्ब्युमिन लिटरला १४८ मिलिग्रॅम आलं, क्रिएटिनिन डेसीलिटरला ७१ मिलिग्रॅम. हिशोब असा करायचा: क्रिएटिनिन डेसीलिटरमध्ये आहे ते लिटरमध्ये आणि ग्रॅममध्ये न्यायचं, म्हणजे ७१ ला शंभरनं भागायचं, ०.७१ ग्रॅम. मग १४८ भागिले ०.७१, म्हणजे २०८. ग्रॅम क्रिएटिनिनमागं २०८ मिलिग्रॅम अल्ब्युमिन. रिपोर्टमध्ये हा भागाकार मशीनच करून देते, पण स्वतः एकदा करून बघितला की आकडा कुठनं आला ते डोक्यात बसतं.

३० च्या खाली नॉर्मल, ३० ते ३०० मध्यम वाढलेला, ३०० च्या वर जास्त वाढलेला, असे तीन गट आहेत. काही रिपोर्टमध्ये एमजी पर ग्रॅमच्या जागी एमजी पर मिलिमोल असतं, तिथं हद्द ३ आणि ३० अशी असते. आपल्याकडं माणूस एक रिपोर्ट बेळगावला आणि पुढचा कोल्हापूर नाहीतर मिरजेला करून घेतो, दोन्हीत युनिट वेगळं निघालं की २५ हा आकडा एकात नॉर्मल आणि दुसऱ्यात बिघडलेला असतो. त्यामुळं आकड्याबरोबर युनिट वाचा, आणि शक्यतो पुढच्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा.

अण्णांच्या २०८ वर लगेच शिक्का मारायचा नव्हता. एकाच माणसाचा एसीआर दिवसागणिक खूप बदलतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीन सॅम्पल घेऊन त्यातली दोन वाढलेली आली तरच खरं धरतात. दुसरं सॅम्पल दोन दिवस आराम करून सकाळचं पहिलं दिलं: अल्ब्युमिन ९६, क्रिएटिनिन ११४, म्हणजे ९६ भागिले १.१४, आलं ८४. बघा, २०८ वरनं ८४, मधल्या काळात औषध काहीच बदललं नव्हतं, श्रमाचा भाग तेवढा निघून गेला. तिसरं काही आठवड्यांनी: ७८ आणि ८२, म्हणजे ९५. आता प्रश्न मिटला, गळती खरी आहे, आणि ती ८०-९० च्या आसपास आहे. आणि दुसऱ्या सॅम्पलमधलं ९६ हे पट्टीच्या पकडीच्या खाली आहे हेपण बघा, पट्टी तेव्हापण "निल"च म्हणाली असती.

ह्याच्या जोडीला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगानं रक्त गाळते त्याचा अंदाज, बघायचा. रक्तातलं क्रिएटिनिन, वय आणि पुरुष की बाई ह्यावरनं तो काढतात, बऱ्याच लॅब रिपोर्टमध्येच छापतात. अण्णांचा १.१ वर, ५८ व्या वर्षी, नव्या म्हणजे २०२१ च्या सूत्रानं साधारण ७८ येतो. नुसता ७८ बघून कुणी आजार म्हटलं नसतं. पण ७८ आणि तीन महिने टिकलेला एसीआर ८०-९० हे एकत्र वाचलं की क्रॉनिक किडनी डिसीज, सुरुवातीची पायरी, असंच लिहावं लागतं. घरचे इथं घाबरतात आणि डायलिसिसचं विचारतात, तर डायलिसिसचा विषय साधारण ईजीएफआर १५ च्या खाली गेल्यावर निघतो, अण्णा त्यापासनं खूप लांब आहेत. ह्या पायरीवर पकडलं तर आकडा खाली येऊ शकतो, काहींचा परत ३० च्या आतपण येतो.

दोन मर्यादा सांगून ठेवतो. म्हातारी, अगदी वाळलेली आजी असेल तर तिच्या स्नायूतनं क्रिएटिनिनच कमी येतं, भागाकारात खालचा आकडा लहान झाला की रेशो फुगतो. तालमीतला दणकट गडी असेल तर उलटं, त्याचा रेशो कमी दिसतो. आणि काही शुगरवाल्यांची किडनी अल्ब्युमिन न गळताच मंद होत जाते, म्हणून एसीआर चांगला आला तरी ईजीएफआर सोडायचा नाही, दोन्ही दरवर्षी.

पुढं अण्णांना काय केलं. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० सुरू केली. ह्या गटातल्या गोळ्या (टेल्मिसार्टन, लोसार्टन, किंवा रामिप्रिलचा गट) बीपी तर उतरवतातच, वर गाळणीतनं बाहेर जाणारी नळी सैल करून आतलं प्रेशर कमी करतात, म्हणून गळती कमी होते. टार्गेट बीपी १३०/८० च्या खाली. गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत बघायचं असतं, आणि इथंच पुष्कळ जण गडबडतात. अण्णांचं क्रिएटिनिन १.१ वरनं १.२५ झालं. मुलगा म्हणाला गोळीनं किडनी बिघडली, बंद करूया. पण आतलं प्रेशर कमी झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जाणारच, ३० टक्क्यांपर्यंत वाढ चालवून घेतात. १.१ च्या ३० टक्के म्हणजे १.४३ पर्यंत, अण्णा त्याच्या बरेच आत होते, पोटॅशियम ४.८. गोळी चालू ठेवली. त्यापेक्षा जास्त वाढ किंवा पोटॅशियम साडेपाचच्या वर गेलं असतं तर डॉक्टरांना लगेच दाखवायचं होतं. टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, दोन डॉक्टरांची दोन फाईल असली की असं होतं. आणि दिवस राहिलेल्या किंवा राहण्याच्या विचारात असलेल्या बाईला ह्या गोळ्या चालत नाहीत, डॉक्टरांना आधीच सांगा.

नंतर डापाग्लिफ्लोझिन १० जोडली. ही शुगर लघवीतनं बाहेर टाकते, पण किडनी सांभाळायचं तिचं काम त्याहून वेगळं आणि मोठं आहे, म्हणून शुगर आधीच ताब्यात असली तरी किडनीसाठी देतात. लघवीच्या जागी खाज, बुरशी होऊ शकते, स्वच्छता ठेवायची, झालं तर लाजू नका, सांगा. उलट्या-जुलाब लागले, दिवसभर पोटात काही टिकत नाही, अशा वेळी ही गोळी, मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन थोडे दिवस थांबवायच्या का ते फोन करून विचारा, कारण शरीरात पाणी कमी असताना ह्या गोळ्यांनी त्रास होऊ शकतो. उपासाला, ऑपरेशनच्या आधीपण विचारायचं.

जेवणात सगळ्यात मोठा फरक मिठानं पडतो. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, सगळं धरून. आपल्या भागात भाकरीबरोबर खर्डा, लोणचं, पापड, सांडगी मिरची असतेच, आणि मीठ कमी केलं नाही तर टेल्मिसार्टनचा गळतीवरचा परिणामसुद्धा कमी पडतो. पण मीठ कमी करायचं म्हणून दुकानातलं लो-सोडियम मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं आणि ह्या गोळ्यांबरोबर पोटॅशियम चढू शकतं. डाळ, दूध, अंडी बंद करायची नाहीत, वजनाच्या किलोमागं दिवसाला ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरतं, अण्णा ७० किलोचे, त्यांना ५६ ग्रॅम. प्रोटीन पावडर मात्र नको.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल मी जरा कळकळीनं सांगतो. गुडघा दुखतोय, कंबर धरलीय, की मेडिकलमधनं डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅकची पट्टी आणून आठवडाभर खाल्ली जाते. बीपीची ही गोळी, त्यावर लघवी वाढवणारी गोळी आणि त्यावर दुखण्याची गोळी, हे तिन्ही एकत्र आलं की किडनी काही दिवसांत बसू शकते. पॅरासिटामॉल चालतं का ते विचारा. आणि "किडनी साफ करणारं" म्हणून मिळणारं बिनलेबलचं चूर्ण, भस्म घेऊ नका, काहींत शिसं, पारा असतो. बिडी-सिगरेट तर सोडाच, धुरानं गळती वाढते. अण्णा तंबाखू पिकवतात, त्यांनी ओढणं सोडलं, रान अजून आहे.

सहा महिन्यांनी अण्णांचा एसीआर परत केला: अल्ब्युमिन ४४, क्रिएटिनिन १०५, म्हणजे ४२. आधीच्या ८४-९५ च्या निम्म्यावर. बीपी १२६/७८. ईजीएफआर ६७ वर स्थिर राहिला, सुरुवातीला जो उतरला तेवढाच, पुढं नाही. एक आकडा इकडं-तिकडं झाला म्हणून हुरळू नका, घाबरूपण नका, ४२ चे पुढच्या वेळी ५५ झाले तर तो रोजचा चढउतार असू शकतो, दुप्पट झाले तर मात्र काहीतरी खरं बदललंय असं धरून परत सॅम्पल द्या.

किडनी खराब होण्याचं कारण शुगरच असेल असं धरूनपण चालू नये. लघवीत रक्त दिसतंय, एसीआर काही आठवड्यांत एकदम हजारच्या वर गेलाय, ईजीएफआर झपाट्यानं पडतोय, किंवा शुगर नवीनच आहे, डोळ्यांचा पडदा स्वच्छ आहे आणि तरी भरपूर प्रोटीन जातंय, अशा वेळी नेफ्रोलॉजिस्टकडं जायचं, दुसरा आजार असू शकतो. ३०० च्या वर टिकून राहिला किंवा ईजीएफआर ३० च्या खाली गेला तरी जायचं. आणि आणखी एक खूण जी लोक चांगली समजतात: इन्सुलिनवर असलेल्या जुन्या पेशंटची शुगर काही न करता कमी व्हायला लागते, डोस निम्मा करावा लागतो, घरी म्हणतात पथ्य लागू पडलं. किडनी मंद झाली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळंपण असं होतं. शुगर अशी आपोआप उतरली तर पेढे वाटायच्या आधी ईजीएफआर करून घ्या.

पुढच्या तपासणीचं वेळापत्रक असं: एसीआर ३० च्या आत आणि ईजीएफआर ६० च्या वर असेल तर वर्षातनं एकदा, अण्णांसारखं मध्ये असेल तर वर्षातनं निदान एकदा, औषध बदलत असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, ३०० च्या वर असेल तर वर्षातनं दोन-तीनदा किंवा डॉक्टर सांगतील तसं. फाईलच्या पहिल्या पानावर एक कागद लावा आणि त्यावर तारीख, एसीआर युनिटसकट, क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, बीपी एवढंच लिहीत जा, सॅम्पल सकाळचं होतं का दुपारचं तेपण. बेळगावला दाखवा नाहीतर कोल्हापूरला, डॉक्टरांपुढं तो कागद आधी ठेवा.